मुद्दल व्याजापेक्षा जास्त कोणत्या हप्त्यापासून? (उत्तर जरा लांबलंय)

प्रश्न: ५० लाखांचं गृहकर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता ४३,३९१. शाखेत विचारलं तर म्हणाले, "अर्धी मुदत झाली की मुद्दल जास्त जायला लागतं." पण त्यांच्याच तक्त्यात १२० व्या हप्त्याला व्याजच जास्त दिसतंय. नेमका महिना कसा काढायचा? आणि मधे पाच लाख भरले तर तो किती अलीकडे येईल?

उत्तर:

"अर्धी मुदत" हे उत्तर मीही काउंटरवर ऐकलंय, तेही अगदी ठाम आवाजात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी सीए नाही, बँकेत नोकरीलाही नाही. दादरला भाड्याने राहत होतो, पुढे उपनगरात फ्लॅट घेतला आणि कर्ज फेडता फेडता हे गणित शिकलो, एवढंच. हप्ता कसा निघतो वगैरे इथे सांगत नाही, ते तुम्हाला माहीत असणार.

तुमचा महिना १४३ वा. त्या हप्त्यात साधारण २१,६६५ व्याज आणि २१,७२७ मुद्दल आहे. त्याच्या आदल्या, १४२ व्या हप्त्यात व्याज २१,८१७ आणि मुद्दल २१,५७४. म्हणजे जवळजवळ बारा वर्षं व्याजाचं पारडं जड.

हे शोधायला अख्खा तक्ता चाळायची गरज नाही. सुरुवातीपासून न मोजता शेवटाकडून मोजा. शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम ३०५ रुपये असतं, बाकी सगळं मुद्दल. तिथून एकेक महिना मागे गेलं की मुद्दलाचा भाग दर वेळी १.००७०८ ने भागला जातो, म्हणजे महिन्याच्या व्याजदराइतका आकसतो. तो हप्त्याच्या निम्म्यावर यायला किती महिने लागतात, एवढाच प्रश्न उरतो. उलट बाजूने पाहिलं तर याच दराने, महिन्याला चक्रवाढ धरून, पैसे दुप्पट व्हायला जितके महिने लागतात तितकेच हे महिने. ८.५ टक्क्यांना ते ९८.२ येतात. म्हणून शेवटच्या ९८ हप्त्यांत मुद्दल जास्त, त्याआधीच्या सगळ्यांत व्याज जास्त. २४० मधून ९८ वजा केले की १४२ उरतात आणि पुढचा हप्ता तुमचा.

एक्सेलमध्ये:

```
=LN(2)/LN(1+8.5%/12)
=240-INT(LN(2)/LN(1+8.5%/12))+1
=PPMT(8.5%/12,143,240,-5000000)
=IPMT(8.5%/12,143,240,-5000000)
```

पहिल्या ओळीत ९८.२ येतं, दुसरीत १४३. खालच्या दोन ओळी पडताळणीसाठी आहेत, त्या हप्त्यातलं मुद्दल आणि व्याज दाखवतात.

कर्जाची रक्कम या हिशेबात कुठेच आली नाही, हे बघा. ५० लाख असो की ५ लाख, ८.५ टक्क्यांना शेवटचे ९८ हप्तेच. म्हणून ३० वर्षांच्या कर्जात हा महिना २६३ वा येतो आणि १० वर्षांच्या कर्जात २३ वा. "अर्धी मुदत" कुठेच बसत नाही. गाडीचं सात वर्षांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांना घेतलंत तर पहिल्याच हप्त्यापासून मुद्दल जास्त असतं, कारण त्या दराला ८७ महिने येतात आणि तुमचे हप्तेच ८४.

पण हे सगळं दर हलला नाही तर. खरी गोची तिथेच आहे, आणि माझे पैसे तिथेच गेले.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. माझ्या कर्जाचा दर साडेसातवरून टप्प्याटप्प्याने साडेनऊ झाला. हिशेब सोपा व्हावा म्हणून इथे तो एकाच फटक्यात वाढला असं धरतो. त्या वेळी बाकी साधारण २८ लाख, उरलेले हप्ते १८० आणि हप्ता २५,९५६. कर्ज देणाऱ्यांनी (नाव घेत नाही) हप्त्याला हात लावला नाही. खात्यातून तेवढेच पैसे कटत राहिले, त्यामुळे घरात कुणाला काही जाणवलं नाही. मुदत मात्र गुपचूप १८० वरून २४४ च्या वर गेली. व्याज १७,५०० चं २२,१६७ झालं आणि मुद्दल ८,४५६ वरून ३,७८९ वर आलं.

आता तो ओलांडायचा महिना बघा. साडेसात टक्क्यांना शेवटचे १११ हप्ते मुद्दलाचे, म्हणजे तिथून ७० व्या हप्त्याला मी पार झालो असतो. दर वाढल्यावर तो गेला १५८ व्या हप्त्यावर. मुदत वाढली सुमारे ६४ महिन्यांनी, पण हा महिना पुढे सरकला ८८ महिन्यांनी. कारण दोन्हीकडून मार बसतो: कर्जाचा शेवट लांब जातो, आणि दर जास्त असल्यामुळे शेवटाकडून मोजायचे महिनेही १११ वरून ८७ वर येतात.

याला पर्याय होता आणि तो मला कुणी विचारला नाही. मुदत १८० च ठेवून हप्ता २९,२३८ केला असता, म्हणजे महिन्याला ३,२८२ जास्त, तर हा महिना ९४ वा आला असता आणि शेवटपर्यंत दिलेली एकूण रक्कम दहा लाखांहून अधिकने कमी झाली असती. (दर पुढे तसाच राहिला असं धरून. तो तसा राहत नाही, हे मलाही कळतं.)

शाखेत नवा तक्ता मागितला की मंजुरीच्या वेळचाच जुना तक्ता, जुन्या दराचा, पुन्हा छापून हातात. "सिस्टिममधून हाच येतो." नव्या दराचा हवा तर फाईल बेलापूरला आहे. बेलापूरला गेलं की म्हणे होम ब्रँचला अर्ज द्या. मधल्या काळात दर महिन्याला व्याज कटतंच आहे, त्याला कुठल्या फाईलची गरज लागत नाही! असो.

म्हणून तक्त्यावर विसंबू नका, बाकीवर नजर ठेवा. ज्या महिन्यात व्याज हप्त्याच्या निम्म्याहून कमी होतं, त्या महिन्यात मुद्दल जास्त. म्हणजे हप्त्याला ६०० ने गुणा, चालू दराने भागा, आणि बाकी त्याखाली गेली की तुम्ही पार. तुमचं उदाहरण घेतलं तर ४३,३९१ गुणिले ६०० भागिले ८.५, म्हणजे सुमारे ३०.६३ लाख. १४२ हप्ते भरल्यावर तुमची बाकी ३०.५९ लाखांच्या आसपास असेल, म्हणून १४३ वा. दर बदलो, हप्ता बदलो, मधे पैसे भरा, ही खूण चालते. कारण तिला फक्त आजचे तीन आकडे लागतात आणि ते तिन्ही स्टेटमेंटवर असतात. मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर लोकलमध्ये उभ्याने करतो.

पाच लाखांबद्दल. समजा ६० हप्ते झाल्यावर भरले. तेव्हा बाकी ४४.०६ लाख असेल, ती ३९.०६ लाखांवर येईल. हप्ता तोच ठेवला तर कर्ज १८० ऐवजी १४४ हप्त्यांत संपेल आणि मुद्दल जास्त होण्याचा महिना १४३ वरून १०७ वा होईल. पण त्यांनी मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर महिना १४३ वाच राहील, एका दिवसानेही अलीकडे येणार नाही. रक्कम हिशेबात येतच नाही म्हटलं ना, ते याचसाठी. काही ठिकाणी पैसे भरले की आपोआप हप्ता कमी करतात, तेव्हा "हप्ता तोच, मुदत कमी" असं अर्जात लिहूनच द्या आणि पोच घ्या. अर्थात घरात पैशांची ओढाताण असेल तर हप्ता कमी करणंही चूक नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

एक मत, पटलं तर घ्या. "मुद्दल जास्त व्हायला लागल्यावर आगाऊ भरण्यात अर्थ नाही" असं आमच्या सोसायटीतले एक काका सगळ्यांना सांगतात. त्यात तथ्य नाही. १४३ व्या महिन्यानंतर भरलेला रुपयाही वर्षाला साडेआठ टक्केच व्याज वाचवतो. उरलेले महिने कमी असल्याने एकूण बचत कमी दिसते, इतकंच. तो महिना म्हणजे दिशा दाखवणारी खूण आहे, त्याच्यावरून आगाऊ भरायचं की नाही हे ठरत नाही.

दर बदलल्यावर गप्प बसायचं नाही. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे. त्यानुसार बदलत्या दराच्या कर्जात दर रिसेट होताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यावी लागते. दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर दाखवणारं स्टेटमेंटही द्यावं लागतं. अर्जात या परिपत्रकाची तारीख लिहिली की काउंटरवरचा सूर बदलतो, निदान माझ्याकडे बदलला. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते, तेवढं आधी बघून घ्या.

आणि फ्लॅट बांधकाम चालू असताना घेतला असेल तर प्री-ईएमआयचे महिने या मोजणीत धरू नका. त्यात निव्वळ व्याज असतं, मुद्दलाचा एक रुपयाही कमी होत नाही. पूर्ण हप्ता सुरू झाला त्या महिन्याला पहिला धरा. ताबा लांबलेल्या इमारतींमध्ये या एका कारणाने लोकांचा हिशेब दोन-तीन वर्षांनी चुकलेला मी पाहिलाय.