हिंदी-मराठी भाषांतर: जुळे दिसणारे शब्द कसे ओळखायचे?

प्रश्न: मी इंदूरचा. घरात मराठी, पण शाळा-कॉलेज सगळं हिंदीत. आता संस्थेची पत्रकं हिंदीतून मराठीत करायची असतात, तेव्हा दोन्हीकडे सारखे दिसणारे पण वेगळ्या अर्थाचे शब्द घात करतात. अशा शब्दांची एखादी चांगली यादी आहे का? आणि हे टाळायचं कसं?

उत्तर: यादीच्या मागे लागू नका. सगळ्या याद्या शिक्षा, खाली, संसार, चेष्टा यांच्यापाशीच घुटमळतात आणि ते शब्द मुळात धोक्याचे नाहीतच. ‘शांति स्थापित करने की चेष्टा’चं कुणी ‘शांततेची चेष्टा’ केलंच, तर वाचणारा हसतो, फोन करतो, चूक दुरुस्त होते. खरा घात करतो तो असा शब्द, जो चुकीच्या अर्थानेसुद्धा वाक्यात चपखल बसतो. त्यावर कुणी हसत नाही, त्यामुळे तो छापून जातो.

इंदुरात भाषांतराचं काम करणाऱ्यांना एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकवलं जातं: “शब्द संस्कृत आहे ना, मग तसाच ठेवा, फक्त विभक्ती मराठी लावा.” हे साफ चूक आहे. उलट तत्सम शब्दावरच जास्त नजर ठेवायला हवी. संस्कृतात एका शब्दाला चार-पाच अर्थच्छटा असायच्या, त्यातली एक हिंदीने उचलली आणि दुसरी मराठीने. फारसीतून आलेल्या शब्दांचंही तेच झालं, पण ते निदान परके वाटतात म्हणून माणूस क्षणभर थांबतो. तत्समापाशी कुणी थांबत नाही.

तुमच्या पत्रकांसारखाच एक नमुना घेऊ:

*समिति की सूचना के अनुसार नियमों में संशोधन का प्रस्ताव पारित हुआ। सदस्यों की शिकायत का समाधान कर दिया गया है। दोनों पक्षों में राजीनामा हो चुका है।*

विभक्ती बदलून हे असं होतं:

*समितीच्या सूचनेनुसार नियमांमध्ये संशोधनाचा प्रस्ताव मंजूर झाला. सभासदांच्या तक्रारीचे समाधान करण्यात आले आहे. दोन्ही पक्षांत राजीनामा झाला आहे.*

इंदूरचा मराठी माणूस हे सरळ वाचून जाईल. पुण्याच्या माणसाला मात्र नियमांवर कुणी अभ्यास करतंय असं वाटेल, तक्रारीला समाधान कसं वाटतं ते कळणार नाही आणि शेवटी कुणीतरी पद सोडलंय अशी त्याची पक्की समजूत होईल.

आता एकेक शब्द. ‘राजीनामा’ पाहा. मूळ अर्थ राजीखुशीचा कागद. मध्य प्रदेशातल्या कोर्टात आजही राजीनामा म्हणजे पक्षकारांमधली तडजोड. नोकरी सोडण्याला तिथे इस्तीफा किंवा त्यागपत्र म्हणतात. मराठीत तडजोडीचा अर्थ मागे पडला आणि पद सोडण्याचाच उरला. इथे पकड सोपी आहे: शब्दाचे सोबती पाहा. हिंदीत राजीनामा दोघांमध्ये ‘होतो’. मराठीत तो एकजण ‘देतो’ आणि दुसरा ‘स्वीकारतो’. ‘दोन्ही पक्षांत राजीनामा झाला’ यात क्रियापद आणि ‘दोन्ही पक्षांत’ हे दोन्ही बेसूर लागतात. कान तिथे अडखळला की शब्द बदला: ‘तडजोड झाली आहे’.

‘संशोधन’ आणि ‘समाधान’ याच चाचणीत सापडतात. मराठी संशोधन एखाद्या विषया‘वर’ होतं. हिंदी संशोधन नियमों ‘में’ होतं, म्हणजे ती दुरुस्ती. म्हणून 73वां संविधान संशोधन मराठीत 73वी घटनादुरुस्ती होते. समाधान मराठीत माणसाचं किंवा फार तर त्याच्या शंकेचं होतं, तक्रारीचं होतं ते निराकरण.

‘सूचना’पाशी मात्र ही चाचणी हात टेकते, कारण सोबतीही जुळे आहेत. हिंदीत ‘सूचना दी’ आणि मराठीत ‘सूचना दिली’. पण हिंदीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कळवलं’ इतकाच असतो, आणि मराठीत ‘असं करा म्हणून सांगितलं’. वरच्या वाक्यात समितीने नुसतं कळवलं होतं. मराठीत तिने ठराव करायला लावला असं झालं. उद्या वाद निघाला तर जबाबदारी समितीच्या गळ्यात, आणि वाक्य व्याकरणाने निर्दोष! सूचना का अधिकार अधिनियम, 2005 हा मराठीत ‘माहितीचा अधिकार अधिनियम’ आहे हे लक्षात ठेवलंत तर हा शब्द सहसा फसवणार नाही.

असे शब्द पकडण्याची रीत अशी. भाषांतराला हात लावण्याआधी हिंदी मजकूर पेन्सिल घेऊन वाचा आणि जे शब्द तुम्ही मराठीत जसेच्या तसे ठेवणार आहात तेवढ्यांखालीच रेघ मारा. बाकीचे शब्द तुम्ही विचार करून बदलणारच आहात, त्यांची काळजी नको. रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ समासात मराठीत लिहा, पण तो शब्द न वापरता आणि प्रतिशब्द न देता: कोणी, कोणाला, काय केलं. ‘सूचना’पाशी ‘समितीने सभासदांना बातमी दिली’ असं लिहिलंत की ‘सूचनेनुसार’ आपोआप गळतं आणि ‘समितीने कळवल्याप्रमाणे’ येतं. एका पानात अशा रेघा फार निघत नाहीत, त्यामुळे वेळ जातो ही सबब चालणार नाही. तरीही शंका उरली तर मराठी-मराठी कोश उघडा. हिंदी-मराठी कोशात समोर तोच शब्द दिसला की डोळे समाधानाने पुढे सरकतात.

शेवटी मजकूर दुसऱ्या माणसाला वाचायला द्या, पण तो इंदूरचा नको. इथला मराठी वाचक ‘संशोधन’ वाचताना मनात ‘अमेंडमेंट’ समजून मोकळा होतो. त्याला चूक दिसतच नाही. महाराष्ट्रातल्या कुणालातरी पाठवा आणि ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘छान’ असंच येतं. ‘यात कोणी काय केलं ते सांग’ असं विचारा.

मराठीतून हिंदीत जातानाही हेच लागू आहे. आपली ‘तक्रार’ तिकडे ‘तकरार’ म्हणजे भांडण होते, आणि ‘आम्हाला अभिमान आहे’चं ‘हमें अभिमान है’ केलंत तर ते घमेंडीसारखं वाटतं. तिथे ‘गर्व’ हवा, जो नेमका मराठीत वाईट आहे.

एक राहिलं. हे सगळं छापील आणि सहीच्या कागदांबद्दल आहे. घरात, मंडळात, राजवाड्यावर उभं राहून बोलताना आपण ‘सूचना मिळाली’ म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘कळलं’ असाच असतो. ती चूक नाही, ती इंदूरची मराठी आहे, आणि त्यावरून नाक मुरडणाऱ्या पुणेकर पाहुण्यांना दुरुस्ती करू देऊ नका. मंडळाचं पत्रक फक्त इंदुरातल्याच सभासदांत फिरणार असेल तर ‘सूचना’ ठेवलीत तरी चालेल. पण त्याची एक जरी प्रत महाराष्ट्रात किंवा वकिलाकडे जाणार असेल तर ‘कळवल्याप्रमाणे’च लिहा.