नो-कॉस्ट ईएमआय : व्याज स्टेटमेंटमध्ये नाही, किमतीत शोधा

प्रश्न : दिवाळीआधी एका मोठ्या दुकानातून फ्रीज घेतला. फलकावर ४८,००० रुपये आणि 'नो-कॉस्ट ईएमआय, एक रुपयाही जास्त नाही' असं लिहिलेलं. क्रेडिट कार्डावर ४,००० चे १२ हप्ते करून दिले. पहिल्याच स्टेटमेंटला ४,३४१ रुपये आले, त्यात 'व्याज ५८८' अशी ओळ. नंतर कळलं की शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून, तेच मॉडेल यूपीआयने पैसे देऊन ४४,५०० ला नेलं. आठ हप्ते भरून झालेत. ही फसवणूक आहे ना? उरलेले हप्ते थांबवू का? बँकेवर केस करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हप्ते थांबवू नका. ते थांबवलेत तर बँक लेट फी आणि कार्डाचं नेहमीचं चढं व्याज लावेल, सिबिलवर डाग पडेल, आणि दुकानदाराविरुद्धची तुमची बाजू त्याने तसूभरही भक्कम होणार नाही. तुमचं भांडण कोणाशी आहे, हे आधी नक्की करू. तुम्ही बँकेकडे बोट दाखवताय. माझ्या मते ते दुकानाकडे दाखवायला हवं.

स्टेटमेंटमधलं ५८८ रुपये व्याज पाहून तुम्ही दचकलात. पण व्याज दिसणं हीच त्या व्यवहारातली सरळ बाजू आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. पुढे क्रेडिट कार्डांसाठी एप्रिल २०२२ मध्ये जे निर्देश आले, त्यातलं एक कलम तुमच्या कामाचं आहे. व्यवहाराचं हप्त्यांत रूपांतर करण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि 'नो-कॉस्ट' करण्यासाठी बँकेने किंवा दुकानाने दिलेली सूट किती, हे तीन आकडे ग्राहकाला स्पष्ट दाखवले पाहिजेत आणि बिलातही ते वेगळे दिसले पाहिजेत. व्याज असलेला ईएमआय बिनव्याजी म्हणून खपवायचा नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय.

आता तुमचे आकडे मांडू. ४,००० चे १२ हप्ते म्हणजे ४८,०००. कार्डाचा ईएमआयचा दर वर्षाला १६ टक्के धरला, तर हे हप्ते ४४,०८६ रुपये मुद्दलाचे होतात आणि व्याज होतं ३,९१४. पहिल्या महिन्याचं व्याज नेमकं ५८८ येतं, म्हणजे तुमच्या बँकेचा दर १६ टक्केच असणार. बँकेने दुकानाला ४४,०८६ दिले आणि ३,९१४ स्वतः कमावले. कागदावर दुकानाने तुम्हाला ३,९१४ ची सूट दिली आणि ती व्याजात वळती झाली. हा खर्च कंपनीने किंवा दुकानाने खरोखर स्वतःच्या नफ्यातून सोसला असता, तर ईएमआय खरंच नो-कॉस्ट झाला असता आणि कायद्याचंही त्याला काही म्हणणं नसतं.

पण या सगळ्याच्या वर थोडा खर्च उरतोच. एरवी कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, मात्र क्रेडिट कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के लागतो. ३,९१४ वर तो १२ महिन्यांत ७०५ रुपये होतो. पहिल्या महिन्याचे त्यातले १०६. शिवाय प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावरचा जीएसटी, म्हणजे २३५. चार हजारांत हे मिळवा, तुमचे ४,३४१ जुळतात. वर्षअखेरीस तुमच्या खिशातून ४८,९४० गेलेले असतील. 'एक रुपयाही जास्त नाही' ही ओळ ९४० रुपयांनी तर इथेच खोटी ठरते.

खरी मेख मात्र शेजाऱ्यांच्या बिलात आहे. तोच फ्रीज ४४,५०० ला मिळत होता. म्हणजे ४८,००० ही वस्तूची किंमत नव्हती, ती व्याज आधीच मिसळून ठेवलेली किंमत होती. दुकानाने ३,९१४ ची 'सूट' दिली, पण त्याआधी किंमत ३,५०० ने वर ठेवली. स्वतःच्या पदरचे गेले फार तर ४१४. बाकी व्याज तुम्हीच भरलंत, फक्त ते किमतीच्या नावाखाली भरलंत. बँकेचं स्टेटमेंट कितीही चोख असलं तरी ही गोष्ट त्यात दिसणारच नाही, कारण बँकेला माहीत असतो तो फक्त मशीनवर टाकलेला आकडा.

दर किती पडला, हे घरीच काढता येतं. एकूण भरलेले पैसे वजा रोखीचा भाव, म्हणजे ४८,९४० वजा ४४,५०० : ४,४४०. याला २४ ने गुणा. मग रोखीचा भाव गुणिले 'हप्त्यांची संख्या अधिक एक', म्हणजे इथे १३, याने भागा. उत्तर येतं वर्षाला सुमारे १८ टक्के. हा अंदाज एखाद्या टक्क्याने मागेपुढे होतो, पण निर्णयाला पुरेसा आहे. एक्सेल येत असेल तर फक्त किमतीत लपलेलं व्याज, जीएसटी आणि फी सोडून, असं निघेल :

```
=RATE(12,-4000,44500)*12
```

उत्तर १४.२ टक्के.

आता तुमच्या हलगर्जीपणाबद्दल बोलतो, कारण केस त्यावरच अडणार आहे. मशीनवर कार्ड लावल्यावर जी लांब चार्ज स्लिप निघाली, ती तुम्ही सही करून परत दिलीत आणि स्वतःची प्रत टाकून दिलीत, असं तुमच्या पत्रासोबतच्या टिपणात आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं असंच असतं आणि दर वेळी मला तितकाच त्रास होतो. त्या स्लिपवर मुदत, व्याजाचा दर, हप्ता आणि एकूण देय रक्कम छापलेली असते. आणि सहीच्या वर बारीक अक्षरात साधारण अशा अर्थाचं वाक्य असतं की, मला नेहमीचा व्यवहार आणि ईएमआय असे दोन्ही पर्याय देण्यात आले आणि मी ईएमआय निवडला. बँक ग्राहक आयोगासमोर पहिल्यांदा हाच कागद ठेवते. दर छापलेला, खाली तुमची सही. म्हणून म्हणतो, बँकेविरुद्ध तुमची बाजू लंगडी आहे. बँकेला एक ईमेल जरूर करा आणि स्लिपची प्रत मागा. त्यावर मुद्दल, व्याज आणि सूट हे तीन आकडे नसतील, तर मात्र तक्रार उभी राहते. आधी बँकेकडे, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही. स्लिप हाती आली की लगेच झेरॉक्स काढा, तो थर्मल कागद असतो, वर्षभरात कोरा होतो.

दुकानाबद्दल बोलू. दोन भाव ठेवणं हा स्वतःहून गुन्हा नाही. एमआरपीच्या आत कोणाला किती सोडायचं हे दुकानदार ठरवू शकतो, आणि तो म्हणेल, शेजाऱ्यांनी घासाघीस केली, तुम्ही केली नाहीत. हा बचाव मी हलका मानत नाही. तो तोडायचा तर एकच मुद्दा धरून ठेवायला हवा : फलकावरचं वाक्य. 'एक रुपयाही जास्त नाही' असं सांगून ग्राहकाला हप्त्यांकडे वळवलं आणि रोख देणाऱ्याला तीच वस्तू स्वस्त दिली, तर ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकतं. 'शकतं' म्हणतोय, कारण एका शेजाऱ्याच्या बिलावर आयोग किती विसंबेल हे आयोगावर आहे. दोन-तीन बिलं मिळाली, किंवा दुकानाच्या त्या वेळच्या व्हॉट्सॲप संदेशात दोन्ही भाव सापडले, तर घासाघिशीचा बचाव टिकणार नाही. बिलांवरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का, ते आधी तपासा. फ्रीजच्या बाबतीत एका अक्षराने रंग किंवा स्टार रेटिंग बदलतं आणि मग तुलनाच कोसळते. शेजाऱ्यांनी जुना फ्रीज एक्स्चेंजमध्ये दिला होता का, हेही विचारा.

मुदत दोन वर्षांची आहे. ती खरेदीच्या तारखेपासून मोजा, तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं त्या दिवसापासून नव्हे. आधी दुकानाला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवून ४,४४० रुपये मागा, पंधरा दिवस द्या, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच दुकानं इथेच पैसे परत करतात. नाही दिले तर नाशिकच्या जिल्हा आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. एवढ्या रकमेसाठी माझ्यासारख्या वकिलाची फी भरू नका. कायदा म्हणतो, तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत निकाली काढा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि साडेचार हजारांसाठी माणूस अर्ध्या रजा घालवतो, याची मला चीड आहे. ते धरूनच निर्णय घ्या.

हेच ज्यांना आता खरेदीला जाताना टाळायचंय, त्यांनी दुकानात कार्डाचा विषय काढण्याआधी विचारावं : 'आत्ता यूपीआयने पैसे दिले तर शेवटचा भाव काय?' तो आकडा कोटेशनवर लिहून घ्यावा, मॉडेल नंबरसकट. मगच हप्त्याचा विषय. ऑनलाइन घेतानाही एकदा पूर्ण रकमेचा पर्याय निवडून शेवटच्या पानापर्यंत जावं, कारण कार्डाची झटपट सूट किंवा कूपन पुष्कळदा नो-कॉस्ट निवडताच गळून पडतं. फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून मुख्य तथ्य पत्रक आणि त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर द्यावाच लागतो. क्रेडिट कार्डाला ते पत्रक लागू नाही. पण त्या पत्रकावर शून्य दिसलं तरी थांबू नका, कारण तो दर बिलाच्या रकमेवर काढलेला असतो आणि बिलच फुगवलेलं असेल तर पत्रक ते सांगणार नाही.

तुम्ही मात्र आज एवढंच करा : शेजाऱ्यांकडून बिलाचा स्वच्छ फोटो घ्या, त्यांनी यूपीआयने पैसे दिले त्याचा स्क्रीनशॉटही घ्या, आणि ते लेखी दोन ओळी द्यायला तयार आहेत का विचारा. ते नाही म्हणाले तर मला परत लिहा, मग पत्राचा मजकूर वेगळा करावा लागेल.