‘आणला असेल तर’ आणि ‘आणला असता तर’

प्रश्न: नोकरीमुळे माझी बदली यवतमाळजवळच्या एका गावात झाली आहे. मराठी समजते, पण ‘आला तर’, ‘आला असेल तर’, ‘आला असता तर’ यात गोंधळ होतो. रोजच्या बोलण्यात कधी काय वापरायचे?

उत्तर:

तिन्हींत ‘आला’ तेच आहे, त्यामुळे त्याच्याकडे बघून काही कळणार नाही. त्याच्या पुढे काय आलंय ते बघा.

पुढे काहीच नसेल, तर गोष्ट अजून व्हायची आहे. ‘पाऊस आला तर उद्या पेरू.’ रूप भूतकाळाचं दिसतं, पण बोलणं उद्याचं आहे. पुढे ‘असेल’ आलं, तर गोष्ट होऊन गेली असू शकते, फक्त बोलणाऱ्याला ती माहीत नाही. दुसऱ्या गावच्या भावाला आपण फोनवर म्हणतो, ‘तिकडे रात्री पाऊस आला असेल तर पेरणी सुरू कर.’ आणि ‘असता’ आलं की विषय संपला: पाऊस आलेला नाही. ‘मागच्या आठवड्यात पाऊस आला असता तर पेरणी झाली असती.’ गावात हेच ‘पानी आलं असतं त पेरनी झाली असती’ असं ऐकू येईल. ‘तर’चा ‘त’ होतो, पण ‘असतं’ जागेवर राहतं.

तुमची खरी अडचण ‘असेल’ आणि ‘असता’ यांच्यात होणार, कारण त्यातली चूक महागात पडते. मी गावात लोकांचे अर्ज भरून देते. एकदा पीककर्जाच्या कामासाठी एका काकांसोबत गेले होते. खिडकीवरचे साहेब तुमच्यासारखेच बाहेरून नवीन आलेले. त्यांनी काकांना सांगितलं, ‘सातबारा आणला असता तर आजच काम झालं असतं.’ सातबारा काकांच्या पिशवीतच होता, चार घड्या घातलेला. पण काका ‘बरं साहेब’ म्हणाले आणि एसटीकडे निघाले. साहेबांच्या वाक्यातून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या: हवा असलेला कागद आपल्याकडे नाही, आणि आजचं काम गेलं. मराठीत त्या वाक्याचा अर्थ तोच होतो, काकांचं काही चुकलं नव्हतं. साहेबांना म्हणायचं होतं, ‘सातबारा आणला असेल तर आजच काम होईल.’ मी काकांना परत बोलावलं, तेव्हा अर्ज घेतला गेला.

त्यातला दुसरा भागही बघा. ‘असेल तर’च्या पुढे ‘होईल’, ‘करू’, ‘द्या’ असं काहीतरी येतं. ‘असता तर’च्या पुढे पुन्हा ‘असतं’ येतं. समोरच्याकडून अजून काही व्हावं असं वाटत असेल, तर ‘असता’ तोंडातून काढू नका.

‘असता’ कुणाप्रमाणे बदलतं, यातही नवे लोक अडकतात. ‘मी आलो असतो’ पुरुष म्हणेल, ‘मी आले असते’ बाई म्हणेल. पण विकणं, ठेवणं, आणणं असलं की क्रिया वस्तूकडे बघते: कापूस ठेवला असता, तूर ठेवली असती, सोयाबीन ठेवलं असतं. बोलणारा पुरुष असो की बाई, फरक पडत नाही. ‘मी कापूस ठेवलो असतो’ कुणी म्हणत नाही.

नकार आला की अर्थ उलटतो. ‘पाऊस आला नसता तर पऱ्हाटी वाळली असती’ म्हणजे पाऊस आला आणि पऱ्हाटी वाचली. हे ऐकून ‘अरेरे’ म्हणू नका.

आज नसलेल्या गोष्टीसाठीही हेच रूप चालतं. ‘विहिरीला पाणी असतं तर गहू पेरला असता’ हे कुणी कार्तिकात, पेरणीच्या दिवसांतच म्हणेल, कुणी उन्हाळ्यात मागचं आठवून म्हणेल. वाक्य तेच. आताचं की तेव्हाचं, हे पुढच्या-मागच्या बोलण्यावरून घ्यावं लागतं.

एका ठिकाणी मात्र वरचा नियम सोडावा लागतो. दुपारी दारात येऊन कुणी म्हणालं, ‘थोडं पाणी मिळालं असतं तर बरं झालं असतं,’ तर ती हळहळ नाही. ते पाणी मागणं आहे, संकोचानं केलेलं. आतून तांब्या आणायचा.

आणि वर्तमानपत्रात ‘शेतकरी बँकेत गेले असता त्यांना परत पाठवले’ असं वाचाल. इथे ते खरंच गेले होते, ‘गेले तेव्हा’ एवढाच अर्थ. पुढे ‘तर’ नाही, आणि शेतकरी अनेक असूनही ‘असते’ न होता ‘असता’च राहिलं, यावरून ते ओळखता येतं. बोलताना हे रूप फारसं कुणी वापरत नाही, कार्यालयाच्या पत्रात मात्र रोज दिसेल.