रिफ्लेक्टर लावला तरी गाल काळाच? आधी त्याला खिडकी दिसते का ते बघा

"खिडकीशेजारी बसून मोबाईलवर बोलण्याचे व्हिडिओ करतो. खिडकीकडचा गाल छान दिसतो, दुसरा अगदी काळा. पुठ्ठ्याला फॉइल लावून रिफ्लेक्टर बनवला आणि काळ्या बाजूला उभा केला, तरी फारसा फरक नाही. मधूनच गालावर चकाकणारे पट्टे येतात ते वेगळंच. काय चुकतंय?"

बहुतेक तुमचा रिफ्लेक्टर तुमच्याच सावलीत उभा आहे. "काळ्या बाजूला उभा केला" हे वाचल्यावर पहिली शंका तीच आली. आपण सगळे सुरुवातीला असंच करतो: एका हाताला खिडकी, बरोबर समोरच्या हाताला रिफ्लेक्टर आणि मधे आपण. पण मग खिडकीचा उजेड आधी डोक्याने आणि खांद्यांनी अडतो, पुठ्ठ्यावर थोडाच पोचतो. जो उजेड मिळालाच नाही तो फॉइल परत कुठून देणार?

घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. मधोमध तुम्ही, तोंड बाराकडे, तिथेच मोबाईल. खिडकी डावीकडे, नऊ ते दहाच्या मधे, तुमच्यापासून साधारण एक मीटरवर. रिफ्लेक्टर तीनवर असेल तर तो तुमच्या आड गेला. तो पुढे सरकवून दीडच्या जागी आणा, चेहऱ्यापासून पन्नास-साठ सेंटीमीटरवर. आता खिडकीतला उजेड तुमच्या नाकासमोरून आडवा जाऊन थेट फॉइलवर पडतो.

दुसरी चूक वळवण्यात होते. आपण पुठ्ठ्याचं तोंड सरळ गालाकडे करतो. पण उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात उलट्या बाजूला परततो, म्हणून पुठ्ठ्याचं तोंड खिडकी आणि गाल यांच्या बरोबर मधे हवं. वरच्या मांडणीत ते सरळ गालाकडे नाही, बरंचसं खिडकीच्या बाजूला वळलेलं दिसेल. विचित्र वाटतं, पण तेच बरोबर आहे. खात्री करायला मोबाईल लागत नाही. खुर्चीत बसा, मान न हलवता नजर फॉइलकडे न्या आणि कुणाला तरी पुठ्ठा हळूहळू फिरवायला सांगा. चुकीच्या कोनात फॉइल राखाडी, मळकट दिसतं. कोन जुळला की सगळा पृष्ठभाग एकदम उजळतो, बारीक चुण्यांमधून खिडकीचे शेकडो तुकडे लुकलुकायला लागतात. तुमच्या डोळ्याला जे दिसतं तेच गालावर पडतं.

उंचीही बघा. पुठ्ठ्याचा मध्य गालाच्या उंचीला यायला हवा. टेबलावर आडवा ठेवला तर उजेड खालून येतो, हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, नाकाची सावली वर चढते आणि माणूस भुतासारखा दिसतो.

आता पट्ट्यांबद्दल. तुम्ही फॉइल गुळगुळीत ताणून लावलंय ना? मग तो वाकडातिकडा आरसा झाला. आरसा उजेड पसरवत नाही, त्याच्या प्रत्येक खोलगट भागाने उजेड एकेका ठिकाणी गोळा होतो आणि तोच पट्टा म्हणून गालावर दिसतो. माझ्या मैत्रिणीचा एक व्हिडिओ-धडा असा वाया गेला होता. पंख्याच्या वाऱ्याने पुठ्ठा हलत होता आणि बारा मिनिटं तिच्या गालावर पाण्यासारखी चमक हलत राहिली. चित्रीकरण चालू असताना आम्हा दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

उपाय सोपा आहे. फॉइलचा तुकडा कापा, हलक्या हाताने चुरगळून सैल गोळा करा, मग न फाडता उलगडा आणि तळव्याने जेमतेम सपाट करा. चुण्या राहायलाच हव्यात, त्याच उजेड पसरवतात. चकचकीत बाजू वर की मंद बाजू वर, याने फार फरक पडत नाही. चुरगळण्याने पडतो. पुठ्ठा साधारण 60 बाय 90 सेंटीमीटरचा घ्या. फॉइलची गुंडाळी त्याहून अरुंद असते, म्हणून पट्ट्या शेजारीशेजारी थोड्या एकमेकींवर चढवून चिकटवा. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला पांढरा कागद लावून ठेवा, तोही रिफ्लेक्टरच आहे, फक्त मऊ आणि कमी ताकदीचा. आणि पुठ्ठा मधोमध दुमडून अर्ध्या उघड्या पुस्तकासारखा उभा केलात तर कुणी धरून बसावं लागत नाही. स्टुलावर ठेवा, मागून वजन लावा.

"फरक नाही" वाटण्यामागे अजून एक कारण असू शकतं, आणि ते मोबाईलमध्ये आहे. रिफ्लेक्टर आत आला की चित्र एकूण उजळतं, मग मोबाईल आपणहून एक्सपोजर खाली आणतो आणि तुमची मेहनत निम्मी पुसून टाकतो. म्हणून आधी खिडकीकडच्या गालावर बोट दाबून धरा आणि एक्सपोजर लॉक करा. आयफोनवर AE/AF LOCK असं दिसतं, इतर बऱ्याच फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. त्यानंतरच रिफ्लेक्टर आत-बाहेर करून तुलना करा. खोलीतला दिवाही बंद ठेवा. दिव्याचा पिवळट आणि खिडकीचा निळसर उजेड एकाच चेहऱ्यावर आले की त्वचेचा रंग कुठल्याच सेटिंगने धड जुळत नाही.

हे सगळं केल्यावर एक अडचण येणारच: आडव्या फ्रेममध्ये पुठ्ठ्याची कड दिसेल. रिफ्लेक्टर लांब नेऊन ती सोडवू नका. अंतर दुप्पट केलंत तर गालावरचा उजेड निम्म्याहूनही खाली जातो. त्यापेक्षा मोबाईल दीड-दोन मीटर मागे न्या आणि 2x वर किंवा कड बाहेर जाईल इतका झूम करून शूट करा. कड बाहेर जाते, शिवाय जवळून शूट केल्यावर नाक मोठं दिसतं तेही थांबतं. आवाजासाठी मात्र कॉलरला माइक लावा, मोबाईल लांब गेलाय.

सावली किती घालवायची? पूर्ण नको. दोन्ही गाल सारखे झाले की चेहरा सपाट दिसतो. मी डोळे किलकिले करून स्क्रीन बघते. काळ्या बाजूचा डोळा आणि गालाची कड ओळखू येत असेल आणि तरी ती बाजू उघडपणे गडद असेल, तर थांबते. फॉइल फार जोरदार वाटलं तर पुठ्ठा उलटा करून पांढरी बाजू लावते. चष्मा असेल तर काचेत चमक येईल. तेव्हा पुठ्ठा थोडा वर उचलून वरची कड पुढे झुकवा, चमक काचेवरून खाली निसटते.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तेव्हा फॉइल वापरू नका, डोळ्यांना त्रास होतो आणि गालावर कडक डाग पडतो. खिडकीला पातळ पांढरं कापड लावा, मग फॉइल. आणि ढगाळ संध्याकाळी खिडकीतूनच उजेड कमी आला तर पुठ्ठा काही करू शकत नाही, त्याला मिळतं त्यातलाच काही भाग तो परत देतो. मागची भिंतही त्याने उजळणार नाही.

आधी पुठ्ठा तीनवरून दीडवर आणून बघा आणि लॉक लावून दोन फोटो टाका, एक रिफ्लेक्टरसकट, एक त्याच्याशिवाय. कोन चुकत असेल तर फोटोवरून सांगते.