उरलेलं अ‍ॅसिड, पेंट, थिनर एकाच कॅनमध्ये ओतू नका

"घोडबंदरचा फ्लॅट सोडतोय. माळ्यावर पेंटचे अर्धे डबे, थिनर, बाथरूमचं अ‍ॅसिड, झुरळांचं औषध असं बरंच निघालंय. सगळं एका कॅनमध्ये ओतून घंटागाडीत दिलं तर चालेल का?"

नाही, प्लीज ओतू नका. मी हेच केलंय म्हणून हात जोडून सांगतेय.

आम्ही ऐरोलीत होतो, 2021 ची दिवाळीची सफाई. कोरोनात सोसायटीने वाटलेल्या हायपोच्या, म्हणजे ब्लीचच्या पाण्याच्या, कॅनमध्ये तळाला चार बोटं शिल्लक होतं, वासही फारसा येत नव्हता, मला वाटलं त्यातला दम गेला असेल. जागा वाचावी म्हणून त्यातच अ‍ॅसिडची उरलेली बाटली ओतली. लगेच फसफसलं आणि स्विमिंग पूलसारखा पण नाकात घुसणारा वास सुटला. तो क्लोरीन. हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, आणि सासूबाई तिथेच जमिनीवर बसून डबे पुसत होत्या, त्यांना उभ्याने असलेल्या माझ्यापेक्षा जास्त लागला, रात्रभर खोकल्या. मी घाबरून झाकण लावायला वाकले ती दुसरी चूक, बंद कॅनमध्ये गॅस कोंडून तो फुटू शकतो. अशा वेळी कशाला हात न लावता, जाताजाता खिडकी उघडता आली तर उघडून, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. श्वासाला त्रास होत असेल तर थेट हॉस्पिटल.

नंतर तो कॅन कुठे द्यायचा हे विचारायला एका ऑफिसात गेले. तीन टेबलं फिरवलं आणि शेवटी काय, तर "गटारात ओता, वरून पाणी सोडा". अहो, तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांत पेंटचे डबे, कीटकनाशकाचे डबे घरगुती घातक कचरा म्हणून स्पष्ट लिहिले होते, ते वेगळे गोळा करायची सोय पालिकेनेच करायची होती. मला आजही त्या उत्तराचा राग येतो.

आता तुमचं. अ‍ॅसिड आणि ब्लीच लेबलवर लिहिलंय तसं वापरूनच संपवा, पण एका दिवशी एकच, आणि मध्ये भरपूर पाणी. पाण्याचा पेंट (इमल्शन) थोडा असेल तर त्यात भुसा किंवा सिमेंट घालून झाकण उघडं ठेवा, दगडासारखा वाळला की डब्यासकट वेगळ्या पिशवीत द्या. ऑइल पेंट चांगला असेल तर एखाद्या फॅब्रिकेटरला विचारा, ग्रिलला लागतो. थिनर आणि झुरळांचं औषध त्यांच्या मूळ डब्यातच राहू दे, पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. पिशवीवर मार्करने ठळक लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका. तुमच्या वॉर्डात नक्की कुठे घेतात ते आधी फोन करून विचारा, ठाण्याचं मला माहीत नाही.

आणि ऑइल पेंट पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना स्वतःच तापून पेटू शकतात. बाल्कनीत दोरीवर एकेक पसरून वाळवा.