दोन्ही आउटपुट एकत्र डोलत असतील तर फरकाचा आलेख पाहू नये

प्रश्न: दोन टप्प्यांचा पूर्ण डिफरन्शियल ऑपॲम्प आहे, सप्लाय १.८ व्होल्ट. एसी विश्लेषणात फेज मार्जिन ६२ अंश येते, पण ट्रान्झियंटमध्ये दोन्ही आउटपुट ०.९ व्होल्टभोवती एकत्र डोलत राहतात. कॉमन-मोड फीडबॅक तोडला तर ती रेलला चिकटतात. चूक कुठे असेल?

उत्तर: आपले ६२ अंश डिफरन्शियल लूपचे आहेत आणि कॉमन-मोड लूपविषयी ते काहीच सांगत नाहीत. हीच चूक मी १८० नॅनोमीटरमधल्या माझ्या पहिल्या चिपमध्ये केली होती. मी सगळीकडे दोन आउटपुटमधला फरकच पाहत राहिलो आणि तो अगदी स्वच्छ होता, कारण दोन्ही आउटपुटांची सरासरी घेणाऱ्या सेन्स रेझिस्टरांचा मध्यबिंदू डिफरन्शियल सिग्नलला हलतच नाही. चिप हाती आल्यावर मदत मागितली, तेव्हा तीन आठवड्यांनी ‘मोजणीची वायरिंग तपासा’ एवढेच उत्तर आले. त्यावर विसंबून मी कोल्हापुरात उद्यमनगरातून शिल्डिंगसाठी धातूची पेटीही करवून घेतली. डोलणे तसूभरही कमी झाले नाही.

खरे कारण मध्यबिंदूवरच होते. दोन्ही सेन्स रेझिस्टर १०० किलोओहमचे होते, आणि एरर ॲम्प्लिफायरचे गेट व वायरिंग मिळून ०.२ पिकोफॅरड कपॅसिटन्स होता. मध्यबिंदूवरून पाहता दोन्ही रेझिस्टर समांतर, म्हणजे ५० किलोओहम, त्यामुळे पोल सुमारे १६ मेगाहर्ट्झवर पडतो. माझ्या कॉमन-मोड लूपचा गेन २० मेगाहर्ट्झला एकावर येत होता, म्हणजे तिथेच ५१ अंश गेले. एरर ॲम्प्लिफायरचा विलंब त्यात मिळवल्यावर मार्जिन उरलेच नाही.

पुढच्या आवृत्तीत प्रत्येक सेन्स रेझिस्टरला समांतर ०.५ पिकोफॅरडचा कपॅसिटर दिला. त्यामुळे ३.२ मेगाहर्ट्झवर झीरो येतो, पोल २.७ च्या आसपास सरकतो, दोघे एकमेकांना जवळजवळ रद्द करतात आणि २० मेगाहर्ट्झला जेमतेम दोन अंश जातात. मात्र लूपचा गेन एकावर येण्याची वारंवारता त्यामुळे थोडी वर सरकते, म्हणून मार्जिन पुन्हा मोजावेच लागते. हे आकडे माझ्या मांडणीचे आहेत. आपला कपॅसिटन्स लेआउटमधून काढून घ्यावा.

मोजण्यासाठी लूप-प्रोब एरर ॲम्प्लिफायरकडून पहिल्या टप्प्याच्या लोडच्या गेटकडे जाणाऱ्या तारेत घालावा, कारण संपूर्ण कॉमन-मोड लूप त्या एकाच तारेतून जातो. मग संदर्भ व्होल्टेज ०.९ वरून ०.९५ वर एकदम न्यावे आणि दोन्ही आउटपुटांची सरासरी पाहावी. ती स्थिरावण्याआधी अनेकदा वरखाली झाली, तर मार्जिन अपुरे आहे असे समजावे.

काही जण कॉमन-मोड अचूक राहावा म्हणून एरर ॲम्प्लिफायरचा गेन वाढवतात. मला ते पटत नाही, निदान दोन टप्प्यांच्या रचनेत तरी नाही. दोन टप्प्यांचा गेन या लूपला आधीच मिळतो आणि कॉमन-मोड ०.९ ऐवजी ०.९१ झाल्याने स्विंगमध्ये फारसे बिघडत नाही. मी आता तिथे डायोड-जोड लोडचाच साधा, कमी गेनचा ॲम्प्लिफायर वापरतो.