रजोनिवृत्तीतील रात्रीचा घाम: गॅबापेंटिन, कमी डोसची अँटीडिप्रेसंट आणि सकाळची गुंगी

प्रश्न: वय ५७. रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन घामाने भिजते आणि दोन-तीनदा जाग येते. हॉर्मोन घ्यायचे नाहीत. डॉक्टरांनी गॅबापेंटिन ३०० झोपताना घ्यायला सांगितले. सकाळी अकरापर्यंत डोके जड राहते. माझी मैत्रीण डिप्रेशनची गोळी अगदी कमी डोसमध्ये घेते. मी काय करावे? झोपेची साधी गोळी चालणार नाही का?

उत्तर:

मी रुग्णालयात औषधनिर्माणशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि अशा तक्रारींच्या औषधांच्या चिठ्ठ्या रोज तपासते. तुमची गोळी बदलण्याआधी ती किती वाजता घेतली जाते आणि तुमची मूत्रपिंडे कशी चालतात, या दोन गोष्टी पाहायला हव्यात, कारण सकाळच्या जडपणाचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

झोपेच्या साध्या गोळीचे आधी उरकते. झोल्पिडेमसारखी गोळी जाग येण्याचा उंबरठा वाढवते, पण घामाचे मूळ तसेच ठेवते. मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र इस्ट्रोजेन कमी झाल्यावर अतिसंवेदनशील होते, शरीराचे तापमान किंचित वाढले तरी ते रक्तवाहिन्या रुंदावते आणि घाम सोडते, आणि त्यावर या गोळीचा काही परिणाम होत नाही. शिवाय स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडते. सकाळी गाडी चालवताना रक्तात ते धोकादायक पातळीत उरते असे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी साध्या गोळीचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मि.ग्रॅ. केला. सकाळचा जडपणा हीच तुमची तक्रार असताना त्या वाटेला जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

गॅबापेंटिन मूळचे अपस्माराचे आणि मज्जातंतूंच्या वेदनांचे औषध आहे. रजोनिवृत्तीच्या घामासाठी त्याला अधिकृत मान्यता नाही, तरी डॉक्टर ते विचारपूर्वक वापरतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५९ स्त्रियांच्या चाचणीत दिवसाला ९०० मि.ग्रॅ. घेणाऱ्यांचे वाफांचे झटके बारा आठवड्यांत ४५ टक्क्यांनी, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे २९ टक्क्यांनी कमी झाले. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही, आणि मनाच्या अपेक्षेचा वाटाही मोठा आहे. हॉर्मोन उपचार याहून बरेच प्रभावी ठरतात. ते न घेण्याचे तुमचे कारण वैद्यकीय आहे की भीतीचे, हे डॉक्टरांशी एकदा मोकळेपणी बोलून घ्यावे.

रात्रीच्या घामासाठी हे औषध आवडते ठरते ते त्याच्या गुंगीमुळे. ती योग्य तासांत आली तर उपचार, चुकीच्या तासांत आली तर त्रास. कॅप्सूल घेतल्यावर रक्तातील पातळी साधारण दोन ते तीन तासांत सर्वांत वर जाते आणि मूत्रपिंडे निरोगी असतील तर पुढच्या पाच ते सात तासांत निम्मी होते. झटक्यामुळे झोप मोडण्याचे प्रमाण रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त असते. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत शरीर तापमानाला तितके प्रतिसाद देत नाही. तेव्हा साडेअकराला दिवा मालवताना कॅप्सूल गिळणाऱ्या बाईच्या रक्तात औषध शिखरावर येते ते दीड ते अडीचला, म्हणजे पहिला झटका बहुधा होऊन गेल्यावर, आणि त्याची शेपूट सकाळच्या कामांपर्यंत पोचते. तीच कॅप्सूल साडेनऊला घेतली तर शिखर आणि झोपेचा पहिला भाग एकमेकांवर येतात. मात्र कॅप्सूल घेतल्यानंतर गाडी चालवायची नाही आणि जिन्यावरून उतरताना कठडा धरायचा.

आता मूत्रपिंडांचे. गॅबापेंटिन यकृतात मोडत नाही. ते जसेच्या तसे लघवीवाटे जाते. त्यामुळे मूत्रपिंडे मंद असतील तर ३०० मि.ग्रॅ. हा डोस कागदावर लहान आणि शरीरात मोठा ठरतो. उदाहरण घेऊ: वय ५७, वजन ५८ किलो, रक्तातील क्रिएटिनिन १.३. अहवालात हा आकडा किंचितच वाढलेला दिसतो आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. हिशेब असा करतात: १४० मधून वय वजा केले की ८३; त्याला ५८ ने गुणले की ४८१४; स्त्री म्हणून ०.८५ ने गुणले की सुमारे ४०९२. त्याला ७२ गुणिले १.३, म्हणजे ९३.६ ने भागले की उत्तर येते सुमारे ४४. याचा अर्थ मूत्रपिंडे मिनिटाला साधारण ४४ मि.लि. रक्त क्रिएटिनिनपासून मोकळे करतात. ६० च्या वर असलेल्यांत गॅबापेंटिन निम्मे व्हायला साधारण साडेसहा तास लागतात. ३० च्या खाली गेलेल्यांत हाच काळ सरासरी ५२ तासांपर्यंत लांबल्याचे नोंदले आहे. आपल्या उदाहरणातील बाई या दोहोंच्या मध्ये आहे. तिच्या शरीरात कालची कॅप्सूल पुरती संपण्याआधी आजची येऊन मिळते, आणि सकाळचा जडपणा पहिले काही दिवस थोडा साचत जातो.

अशा वेळी मी डॉक्टरांना १०० मि.ग्रॅ. पासून सुरुवात सुचवते. निदान एक आठवडा तोच डोस, मग गरज वाटली तर आणखी १०० आणि पुन्हा तितकीच वाट. ३० ते ५९ या टप्प्यात औषधाच्या माहितीपत्रकाची मर्यादा दिवसाला ४०० ते १४०० मि.ग्रॅ. अशी दोन डोसांत विभागलेली आहे, पण ती अपस्मार आणि वेदनांसाठी आखलेली आहे. घामासाठी तिच्या वरच्या टोकाकडे जाण्याचे कारण मला कधीच सापडलेले नाही. मूत्रपिंडे निरोगी असतील तर नेहमीची चढण ३०० रात्री, मग ६०० आणि फार तर ९०० अशी असते. पहिल्या दोन आठवड्यांची गुंगी पुष्कळदा आपोआप ओसरते, म्हणून डोस वाढवण्याची घाई नुकसानीची ठरते. आणि वाढवून फायदाही प्रमाणात होत नाही, कारण आतड्यातून हे औषध एकाच अरुंद दरवाजाने आत येते आणि तो लवकर भरतो. दिवसाला ९०० मि.ग्रॅ. तीन वेळा विभागून घेतल्यास सुमारे ६० टक्के, म्हणजे ५४० मि.ग्रॅ. रक्तात पोचते, २४०० घेतल्यास जेमतेम ३४ टक्के, म्हणजे सुमारे ८१६. औषध पावणेतीनपट आणि रक्तात दीडपट, असा तो व्यवहार आहे. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड घेत असाल तर त्यानंतर दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर शोषण आणखी घटते.

जिथे मी थांबायला सांगते ती वेळही स्पष्ट आहे. ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी वेदनाशामके, अल्प्राझोलामसारख्या चिंता कमी करणाऱ्या गोळ्या किंवा मद्य यांच्यासोबत गॅबापेंटिन श्वास मंदावू शकते. अमेरिकेच्या नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये नेमका हाच इशारा दिला आणि फुप्फुसांचा आजार असलेल्यांना व वयस्कांना अधिक जपायला सांगितले. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे असेल तर आधी त्याची तपासणी व्हावी. जागे करूनही नीट शुद्धीवर न येणे, ओठ निळसर दिसणे किंवा श्वास उथळ होणे, असे काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता लगेच तातडीची मदत घ्यावी. चालताना तोल जाणे, पायांवर सूज येणे, शब्द न आठवणे ही डोस जास्त झाल्याची लक्षणे आहेत आणि ती डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगावीत.

तुमच्या मैत्रिणीची गोळी बहुधा पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन असावी. तिथे डोस लहान असतो आणि उद्देश वेगळा. पॅरोक्सेटिनचा ७.५ मि.ग्रॅ. डोस, रात्री झोपताना, २०१३ मध्ये अमेरिकेत खास वाफांच्या झटक्यांसाठी मंजूर झाला. नैराश्यासाठी २० मि.ग्रॅ. पासून सुरुवात असते. ७.५ चा डोस वाढवून झटक्यांवर जास्त फायदा होईल असे गृहीत धरू नये. व्हेनलाफॅक्सिन ३७.५ मि.ग्रॅ. ने सुरू करून आठवड्याने ७५ पर्यंत नेतात. ते मी जेवणासोबत सकाळी घ्यायला सांगते, कारण अनेकांची झोप त्याने उलट उडते. त्यासोबत रक्तदाबही मोजत राहावा लागतो. या गोळ्यांचा घामावरचा परिणाम एक-दोन आठवड्यांत कळतो, नैराश्यासारखी महिनाभर वाट पाहावी लागत नाही. पॅरोक्सेटिनने काहींना सुस्ती येते, पण तुमच्यासारखी अकरापर्यंत टिकणारी गुंगी तुलनेने कमी दिसते.

दोन अडथळे मात्र विसरू नयेत. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनला प्रभावी रूप देणारे यकृतातील एन्झाइम ते अडवते. तिथे व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन बरे. दुसरा अडथळा गमतीशीर वाटेल: याच गोळ्यांमुळे काही जणांना स्वतंत्रपणे घाम येतो. ओळख अशी की मूळ झटक्यात आधी छातीतून मानेपर्यंत उष्णतेची लाट चढते, चेहरा लाल होतो, मग घाम फुटतो आणि शेवटी थंडी वाजते. गोळीच्या घामात ही लाट नसते, दिवसाही कपाळ-पाठ ओलसर राहते आणि सुरुवात औषध किंवा डोस वाढवल्यानंतरची असते. हा फरक न ओळखता डोस वाढवला की घामही वाढतो.

तुमच्या जागी मी ही चौकशी याच क्रमाने करीन: क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला आकडा, इतर गोळ्यांची यादी, मग वेळ दोन तास अलीकडे आणि डोस १०० पर्यंत खाली, हे सारे डॉक्टरांच्या संमतीने. दोन आठवडे रोज सकाळी तीन गोष्टी लिहाव्यात: किती वाजता जाग आली, त्या वेळी कपडे ओले होते की कोरडे, आणि डोके कितीला हलके झाले. कपडे कोरडे असताना जाग येत असेल तर ती घामाची जाग नव्हे आणि औषध वाढवून ती थांबणार नाही. याउलट ताप, वजन घटणे किंवा मानेत-काखेत गाठ जाणवणे यांच्यासह घाम येत असेल तर तो रजोनिवृत्तीचा समजू नये. त्याची वेगळी तपासणी लागते.

हे सारे करूनही गुंगी राहिली तर गॅबापेंटिन सोडून दुसरी वाट घेणे रास्त आहे. सोडताना एकदम थांबवू नये. निदान आठवडाभर पायरीपायरीने उतरवावे, नाहीतर अस्वस्थता, निद्रानाश आणि गंमत म्हणजे घामच परत येतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांचेही तसेच. व्हेनलाफॅक्सिन अचानक थांबवल्यास डोक्यात झिणझिण्या आणि चक्कर येते, आणि एखादी गोळी राहून गेली तरी काहींना ते त्याच संध्याकाळी जाणवते.